सिग्नलवर स्कूटर आपोआप थांबायची बंद झाली, आणि आता भलतीच बंद पडते

प्रश्न: माझी १२५ सीसीची बीएस-६ स्कूटर आहे, तीन वर्षं होत आली. आधी सिग्नलला थांबलो की इंजिन आपोआप बंद व्हायचं आणि एक्सिलेटर पिळला की आवाज न करता चालू व्हायचं. दोन-अडीच महिन्यांपासून ते होतच नाही, इंजिन चालूच राहतं. उलट आता सेव्हन हिल्स, क्रांती चौक अशा मोठ्या सिग्नलला गाडी घरघर करत बंद पडते, आणि तेव्हा एक्सिलेटर देऊन चालू होत नाही, ब्रेक धरून बटण मारावं लागतं. एक मेकॅनिक म्हणतो बॅटरी, दुसरा म्हणतो सेन्सर, तिसऱ्याने तर ईसीएम बदलायला सांगितलं. नेमकं काय बघू?

उत्तर:

ईसीएमचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा, विचार सध्या डोक्यातून काढून टाका. तुमच्या गाडीत बहुधा दोन वेगळे बिघाड आहेत आणि त्यातला एक दुसऱ्यामुळे उघडा पडलाय. तिघांपैकी बॅटरीवाला अर्धा बरोबर आहे. अर्धाच का, ते खाली येईल.

पहिल्यांदा एक फरक नीट लक्षात घ्या. सिग्नलला आपोआप थांबवणाऱ्या यंत्रणेनं इंजिन मुद्दाम थांबवलं, की ते आपल्या आजारानं बंद पडलं, हे मीटरवरच्या दिव्यावरून कळतं. बहुतेक गाड्यांत यंत्रणा तयार असली की मीटरवर तिची छोटी खूण लागते, आणि तिनं इंजिन थांबवलं की तीच खूण लुकलुकायला लागते. ती लुकलुकत असताना एक्सिलेटर पिळला की इंजिन चालू होतं. खूण लागलेलीच नसताना इंजिन बंद झालं, तर ते यंत्रणेचं काम नाही. मग एक्सिलेटर कितीही पिळा, काही होणार नाही, कारण ईसीएमच्या लेखी आपण इंजिन थांबवलेलंच नाही. तुम्हाला ब्रेक धरून बटण मारावं लागतं, म्हणजे तुमची गाडी बंद पडतेय. तिसरा प्रकारही असतो: खूण लुकलुकते, एक्सिलेटर पिळला की आतून नुसता हलका हुंकार येतो आणि इंजिन उचलत नाही. तो सरळ बॅटरीचा किंवा तिच्या जोडण्यांचा दोष. तुम्ही सांगितलेल्यात तो दिसत नाही.

आता यंत्रणा इंजिन कधी थांबवते, ते बघू. कुणी तिला आयडलिंग स्टॉप म्हणतं, कुणी आय-थ्री-एस, कुणी इंटेलिगो. स्कूटरवर विचार करण्याची पद्धत जवळपास सारखीच. या गाड्यांत बहुतेक वेळा दात असलेला जुना सेल्फ स्टार्टर नसतो. फ्लायव्हीलखाली जो जनरेटर बॅटरी चार्ज करतो, त्यालाच ईसीएम उलट वीज देऊन मोटर बनवतो आणि तीच क्रँक फिरवते. म्हणून चालू होताना खर्रकन आवाज येत नाही. ही सगळी मजा बॅटरीच्या जिवावर आहे. सिग्नलला इंजिन थांबवलं आणि हिरवा दिवा लागल्यावर ते उचललं नाही, तर मागचा ट्रक थांबत नाही. म्हणून ईसीएमची वृत्ती अशी, की जरा जरी शंका आली तरी इंजिन थांबवायचंच नाही. यंत्रणा ‘चालत नाही’ याचा अर्थ बऱ्याचदा ती मोडली असा नसतो. तिला एखादी अट पटत नसते, एवढंच.

अटी साधारण अशा. हँडलवरचं तिचं बटण चालू हवं. इंजिन पुरेसं तापलेलं हवं. गाडी सुरू केल्यावर एकदा तरी ताशी साधारण १० किलोमीटरच्या वर गेलेली हवी. मग वेग शून्य, एक्सिलेटर पूर्ण मिटलेला, आणि असं काही सेकंद गेले (बऱ्याच गाड्यांत तीनेक) की इंजिन थांबतं. यातली प्रत्येक गोष्ट ईसीएमला कुठल्या ना कुठल्या सेन्सरकडून कळते. आणि या सगळ्यावर बॅटरीची ताकद. बटणाचं आधी बघा बरं का. धुताना किंवा पोराटोरांच्या हातून ते बंद झालेलं असतं आणि माणूस सेन्सर शोधत फिरतो, असं गॅरेजवर कायम होतं.

बॅटरी पहिल्यांदा का बघायची? आपल्याकडचा उन्हाळा हे एक कारण. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ च्या आसपास असतो, आणि उन्हात उभ्या स्कूटरच्या पायदानाखालचा किंवा सीटखालचा बॅटरीचा कप्पा त्याहून गरम होतो. सीलबंद बॅटरीत पाणी घालायची सोय नसते. उष्णतेनं आतला ओलावा हळूहळू कमी होतो आणि बॅटरी दिसायला ठीक, पण ताकदीला पोकळ होते. दुसरं कारण म्हणजे वापर. सकाळी दूध, दुपारी शाळा, संध्याकाळी भाजी, अशा दीड-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत सुरू करताना गेलेली वीज परत भरून निघायला वेळच मिळत नाही. वर २०१७ पासून दुचाकीचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत लागलेलाच असतो. त्यात कुणी मोबाइल चार्जर, जास्तीचे एलईडी आणि मोठा हॉर्न लावलेला असला, तर विचारूच नका.

हे घरी तपासता येतं. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी चावी लावायच्या आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. चांगली सीलबंद बॅटरी १२.७-१२.८ च्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे कमकुवत किंवा अर्धवट चार्ज. १२.२ आणि खाली असेल तर यंत्रणा रुसून बसणं स्वाभाविक. पण हा आकडा एकटा फसवतो. मेलेली बॅटरीही चार्जरवरून काढल्यावर थोडा वेळ १२.८ दाखवते. म्हणून दुसरं माप घ्या: मीटर लावून ठेवा, दुसऱ्या माणसाला बटण मारायला सांगा आणि इंजिन उचलेपर्यंत आकडा किती खाली जातो ते बघा. १० च्या आसपास थांबला तर ठीक. ९ च्या खाली गेला तर बॅटरी दमलेली आहे, किंवा टर्मिनल ढिलं आहे, किंवा चेसिसवरची अर्थची वायर गंजलेली आहे. तिसरं माप इंजिन चालू असताना एक्सिलेटर थोडा वाढवून घ्यायचं. १३.५ ते १४.५ च्या दरम्यान आकडा यायला हवा. तो येत असेल तर चार्जिंग ठीक आहे, दोष बॅटरीत किंवा वापरात आहे. येत नसेल तर नवी बॅटरीही महिन्याभरात तशीच होईल, म्हणून आधी चार्जिंगची बाजू बघून घ्यायची.

बॅटरी बदलायची झाली तर जुनीवर जो कोड आणि अँपिअर-अवर लिहिलाय तोच घ्या. दुकानदार ‘हीपण बसते’ म्हणून कमी ताकदीची देतो. गाडी तिच्यावर चालूही होते, पण सिग्नलला थांबणं-उचलणं हे काम रोज कितीतरी वेळा होणारं असतं आणि ती बॅटरी लवकर झोपते. अर्धवट चार्ज असलेल्या बॅटरीला चार्जर लावायचा असेल तर तो दुचाकीचा, कमी अँपिअरचा लावा. ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर पुष्कळ झाला. ट्रॅक्टरचा चार्जर लावून अर्ध्या तासात ‘फुल’ करून देणारे आहेत, त्यांच्यापासून दूर राहा.

बॅटरी खणखणीत निघाली आणि तरी खूण लागत नाही, तर मग सेन्सरांकडे वळा. सगळ्यांची चर्चा करत नाही. तीन ठिकाणी सर्वांत जास्त अडतं.

एक, एक्सिलेटर. तो पूर्ण मिटलाय हे ईसीएमला थ्रॉटल पोझिशन सेन्सर सांगतो. केबल ताणलेली असेल, मुठीचं रबर सरकून कडेला घासत असेल किंवा नवीन हँडल कव्हर बसवलेलं असेल, तर मूठ सोडल्यावरही फुलपाखरू, म्हणजे थ्रॉटलमधली हवा अडवणारी चकती, केसभर उघडं राहतं आणि ईसीएमला वाटतं, माणूस अजून एक्सिलेटर देतोय. गंमत म्हणजे गाडी चालवताना यातलं काहीच जाणवत नाही. परीक्षा सोपी आहे. इंजिन तापलेलं असताना, थोडी गाडी चालवून थांबल्यावर, मूठ पुढच्या बाजूला, म्हणजे मिटायच्या दिशेनं, अंगठ्यानं ढकलून धरा. काही सेकंदांत इंजिन थांबलं तर सेन्सरला दोष देऊ नका, केबल सैल करा. मुठीला २ ते ६ मिलिमीटर मोकळी चाल असावी, आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघावं, कारण वळवल्यावर काही केबली ताणतात.

दोन, तापमानाचा सेन्सर. हवेनं थंड होणाऱ्या स्कूटरमध्ये तो बहुधा इंजिन ऑइलचं तापमान घेतो. त्याच्या आत एक रोधक असतो. तो थंडीत जास्त रोध दाखवतो आणि तापला की रोध झपाट्यानं कमी होतो. आता धुताना कनेक्टरमध्ये पाणी गेलं, पिन हिरवी पडली, की त्या रोधात थोडी भर पडते. पूर्ण तुटलं तर ईसीएमला कळतं आणि इंजिनचा पिवळा दिवा लागतो. पण थोडीच भर पडली तर तो आकडा ‘शक्य’ असतो, म्हणून दिवा लागत नाही. ईसीएमला फक्त असं वाटत राहतं की इंजिन अजून गार आहे. मग दोन गोष्टी एकदम होतात: यंत्रणा इंजिन थांबवत नाही, आणि गार इंजिनाला द्यावं तसं पेट्रोल जास्त जातं. म्हणून ज्या गाडीत सिग्नलचं थांबणं गेलं आणि त्याच सुमारास मायलेजही पडलं, प्लग काढला तर तो कोरडा काळा, काजळीसारखा निघाला, तिथे माझा हात आधी त्या कनेक्टरकडे जातो. पिन पुसून, कोरड्या करून, घट्ट बसवून बरंचसं काम होतं. न झाल्यास मॉडेलच्या तक्त्याप्रमाणे गार आणि गरम अशा दोन्ही वेळी रोध मोजायचा. डिसेंबरात सकाळी मात्र घाई करू नका. पारा दहाच्या खाली असताना इंजिन तापायलाच वेळ लागतो, आणि किलोमीटरभर गेल्यावर खूण लागली नाही म्हणून काही बिघडत नाही.

तीन, वेगाचा सेन्सर. याची ओळख सोपी, कारण बहुतेक गाड्यांत स्पीडोमीटरही त्याच्यावरच चालतो. काटा किंवा आकडा चालताना मध्येच शून्यावर येत असेल, नाचत असेल, तर ईसीएमला ‘१० च्या वर गेली’ ही अट कळतच नाही. टायर बदलल्यानंतर किंवा ब्रेकचं काम झाल्यानंतर थांबणं बंद झालं असेल तर चाकाजवळची वायर दबली का ते बघा.

साइड स्टँडच्या स्विचचं वेगळं. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात त्यावर बसते आणि वाळली की दगडासारखी होते. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत स्टँड खाली असलं की इंजिनच चालू होत नाही. स्विच अर्धवट अडकला तर तो खड्ड्यात क्षणभर ‘स्टँड खाली’ असा निरोप देतो आणि चालत्या गाडीचं इंजिन तुटतं. पण ते तुटणं चावी फिरवल्यासारखं असतं, एकदम, न खाकरता. तुमची गाडी घरघरते आणि मग बंद पडते. हा फरक फार कामाचा आहे. वीज तुटली तर इंजिन क्षणात गप्प होतं. हवा किंवा पेट्रोल कमी पडलं तर ते धडपडत, आरपीएम खाली येत येत मरतं. म्हणून मेकॅनिककडे गेल्यावर ‘बंद पडते’ एवढंच सांगू नका, कशी बंद पडते ते सांगा.

आता तुमच्या प्रश्नातल्या दुसऱ्या अर्ध्याकडे येऊ. एका बाईंची गाडी माझ्याकडे आली होती, तिचं सांगतो, कारण ती तुमच्याच गाडीची बहीण वाटते. बाई शिक्षिका, सिडको एन-७ मधून टीव्ही सेंटरकडे रोजचं जाणं-येणं, म्हणजे जेमतेम दोन किलोमीटर. गाडी तीन वर्षांची. थांबण्याची खूण लागत नव्हती आणि गरम झाल्यावर सिग्नलला बंद पडत होती. दुसऱ्या एका गॅरेजनं तिला नवा थ्रॉटल पोझिशन सेन्सर घालायचा खर्च सांगितला होता.

सकाळी बॅटरी मोजली तर १२.२ व्होल्ट. बटण मारताना ८.९ वर गेली. चार्जिंग १४.१, म्हणजे तिथं दोष नाही. त्याच कोडची नवी बॅटरी बसवली, टर्मिनल घासून घट्ट केले, बाईंना सांगितलं की एकदा बीड बायपासवरून चक्कर मारून या. संध्याकाळी फोन आला: खूण लागली, सिग्नलला थांबते, उचलते, बंद पडणंही गेलं! बाई खूश. मी म्हटलं, बंद पडणं गेलं नाही, झाकलं गेलंय. उद्या गाडी घेऊन या.

का, ते समजून घ्या. यंत्रणा ठीक असताना सिग्नलला इंजिन दोन-तीन सेकंदच आयडलवर, म्हणजे एक्सिलेटर न देता, चालतं आणि मग थांबवलं जातं. आयडल कितीही रोगट असो, त्याला मरायला वेळच मिळत नाही. बॅटरी कमकुवत झाली, ईसीएमनं थांबवणं सोडलं, आणि तेच इंजिन आता क्रांती चौकाचा अख्खा लाल दिवा आयडलवर काढायला लागलं. तिथं त्याचा रोग बाहेर आला. रोग जुना, दिसला आता. शिवाय कमकुवत बॅटरी चार्जिंगला जास्त वीज ओढते, म्हणजे आयडलवर आधीच अडखळणाऱ्या इंजिनावर जनरेटरचं ओझंही वाढतं. तुमचा पहिला मेकॅनिक अर्धाच बरोबर म्हटलं ते यामुळे. बॅटरी बदलून तुमचीही दोन्ही दुखणी गेल्यासारखी वाटतील, आणि सहा महिन्यांनी आयडल इतकं पडेल की ती दोन-तीन सेकंदंही निघणार नाहीत.

म्हणून पारख अशी करायची: यंत्रणेचं बटण मुद्दाम बंद करायचं, पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून इंजिन चांगलं तापवायचं, मुख्य स्टँडवर लावायची आणि तशीच दहा मिनिटं आयडलवर सोडायची. या वर्गातल्या स्कूटरचं आयडल साधारण १५०० ते १८०० आरपीएमच्या दरम्यान असतं. नेमका आकडा मॉडेलच्या पुस्तकात असतो. गॅरेजवर स्कॅनर लावून बघता येतो, घरी कानावर भिस्त. बाईंच्या गाडीचं आयडल सुरुवातीला १६०० दाखवत होतं, मग लाटांसारखं वरखाली व्हायला लागलं, १३०० पर्यंत उतरलं, आणि एकदा एक्सिलेटर झटकन देऊन सोडला तर परत वर न येता इंजिन मेलं.

एक्सिलेटर सोडल्यावर फुलपाखरू मिटतं आणि आयडलपुरती हवा बाजूच्या छोट्या वाटेनं जाते. त्या वाटेवर ईसीएमच्या हुकमाखाली कमीजास्त होणारा एक व्हॉल्व्ह असतो. इंजिनच्या ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ आणि फिल्टरमधून निसटलेली धूळ मिळून तिथं काळा चिकट थर धरतो. ईसीएम व्हॉल्व्ह उघडत उघडत त्याची भरपाई करत राहतो, म्हणून बरेच महिने काहीच कळत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि तरी हवा पुरेना, की मग ब्रेक मारून एकदम एक्सिलेटर सोडल्यावर आरपीएम खाली जातो आणि त्याला वर आणायला हवा शिल्लक नसते. वाळूज, शेंद्रा भागात ये-जा करणाऱ्या, मुरमाच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांत हे पुस्तकातल्या किलोमीटरपेक्षा बरंच आधी होतं. फिल्टरचंही तसंच. काही गाड्यांचा कागदी फिल्टर तेलकट असतो. तो हवा मारून साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. कॉम्प्रेसरची हवा मारली की त्याचं तेल उडतं आणि धूळ सरळ आत जाते.

थ्रॉटल बॉडी काढून त्यासाठीचाच क्लीनर मारून, मऊ कापडानं पुसून साफ केली. कार्बोरेटरसारखी तार घालायची नाही आणि सेन्सरवर फवारा मारायचा नाही. बसवल्यावर चावी लावून थोडा वेळ थांबलं, व्हॉल्व्हला त्याची शून्य जागा शोधू दिली, मग इंजिन गरम होईपर्यंत मूठ न लावता चालू ठेवलं. लाटा गेल्या. पण पूर्ण गरम झाल्यावर आयडल अजूनही मधूनच एखादा ठोका चुकवत होतं. गार असताना ठीक, गरम झाल्यावर बिघडतं, असं असलं की माझा संशय टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीवर, जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, फीलर गेज घालून बघितलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट पुस्तकात दिलेल्याच्या निम्म्यावर आली होती. व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू बसत जातो तशी फट कमी होते. ती कमी झाली तर आवाज येत नाही, उलट इंजिन जास्तच शांत वाटतं, त्यामुळे कुणी लक्ष देत नाही. गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांब होते, व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, कॉम्प्रेशन निसटतं, आणि त्याचा पहिला फटका आयडललाच बसतो. जास्त आरपीएमवर ते झाकलं जातं. फट पुस्तकाप्रमाणे लावली. परत तीच दहा मिनिटांची पारख केली: १६५० वर स्थिर, एक्सिलेटर झटकून सोडला तरी खाली जाऊन परत जागेवर. थ्रॉटल सेन्सरला कुणी हातही लावला नाही.

इथं एक सावधगिरी. आयडल पडतंय म्हणून काही मेकॅनिक थ्रॉटल बॉडीवरचा रंग मारून बंद केलेला स्टॉप स्क्रू फिरवतात. कार्बोरेटरच्या जमान्यातली सवय आहे ती. इंजिन त्या दिवशी बंद पडायचं थांबतं, पण फुलपाखराची ‘पूर्ण मिटलेली’ जागाच बदलते. ईसीएमचा शून्याचा हिशेब चुकतो, थांबण्याची यंत्रणा कायमची रुसते, आणि आयडल चढल्यामुळे क्लच अर्धवट धरून गाडी सिग्नलला पुढे सरकायला बघते. तुमच्या स्क्रूवरचा रंग फुटलेला आहे का, ते एकदा बघून घ्या. फुटला असेल तर गॅरेजवाल्याला ते आधीच सांगा, म्हणजे तो दुसरीकडे वेळ घालवणार नाही.

क्लचचं नाव निघालं तर तेही तपासा. मुख्य स्टँडवर, आयडलवर मागचं चाक हळू फिरत असतं, ते चालतं. मागचा ब्रेक हलकेच दाबा. चाक थांबलं आणि इंजिन तसंच चालत राहिलं तर क्लच सुटतोय. चाक थांबताना इंजिनही दबलं, घुरघुरलं, तर क्लचचे शू धुळीनं चिकटलेत किंवा स्प्रिंग गेल्यात, आणि ब्रेक मारून थांबताना तोच क्लच इंजिनला खाली ओढतो. यात ईसीएमचा काही संबंध नाही, कितीही स्कॅन केलं तरी कोड सापडत नाही.

तुमच्या गाडीसाठी मी हाच क्रम धरेन: सकाळी बॅटरीची तिन्ही मापं, मग मूठ पुढे ढकलून बघणं, मग बटण बंद करून गरम इंजिनाची आयडलची पारख. पहिली दोन तुम्ही घरीच करू शकता, मल्टिमीटर तेवढा कुणाकडून तरी आणा. गाडी वॉरंटीत आहे का ते कार्डवर बघा, आणि असली तर थ्रॉटल बॉडी बाहेरच्या गॅरेजवर उघडू नका. बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा वेगळी आणि कमी मुदतीची असते. आधीच्या कुणी स्कॅनर लावला असेल तर त्यानं काढलेला कोड लिहून घ्या, आणि कोड न दाखवता ‘ईसीएम गेला’ म्हणणाऱ्याकडून काम करून घेऊ नका. ईसीएम क्वचितच जातो. गेलाच तर सहसा गाडी सुरूच होत नाही, किंवा इंजिनचा दिवा कायम लागलेला राहतो. फक्त गरम झाल्यावर, फक्त सिग्नलला, घरघरून बंद पडणं हा त्याचा स्वभाव नाही.

दुरुस्त झाल्यावर यंत्रणा परत चालू लागेल, तेव्हा एवढं पाळा: तिनं इंजिन थांबवलेलं असताना चावी तशीच ठेवून गाडीवरून उतरू नका. बघणाऱ्याला गाडी बंद दिसते, पण ती चालूच असते. पुढे उभ्या लेकरानं मूठ पिळली तर इंजिन उठतं आणि गाडी पळते. दुकानासमोर दोन मिनिटं थांबायचं असलं तरी चावी फिरवा. रेल्वे फाटकावर किंवा जाममध्ये बराच वेळ अडकलात तरी तेच करा, कारण इंजिन थांबलेलं असताना लागलेले दिवे बॅटरीवरच चालतात.